तळघरातलं वॉशिंग मशीन: अमेरिकेत पहिल्यांदा नाणी टाकून कपडे धुताना

ठाण्यात आमच्या सोसायटीतली दोन-तीन मुलं दरवर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला जातात. मी तिकडे काही वर्षं काढून परत आलेय, त्यामुळे जुलैत त्यांच्या आया मला बॅगेत काय भरायचं ते विचारतात. कुकर, मसाले, थंडीचे कपडे, सगळं विचारून होतं. कपडे धुण्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही, कारण घरी मशीन आहेच, त्यात काय विचारायचं! मग सप्टेंबरात एखाद्या रविवारी रात्री मेसेज येतो: "काकू, मशीन सुरूच होत नाहीये."

घरचं मशीन आणि तिकडचं मशीन यांत दोन फरक आहेत. तिकडचं इमारतीतल्या सगळ्यांचं असतं आणि पैसे घेतल्याशिवाय चालत नाही. आणि धुणं झालं की कपडे दोरीवर जात नाहीत, ड्रायरमध्ये जातात. पहिला फरक दोन खेपांत अंगवळणी पडतो. दुसऱ्याने मात्र चांगले कुर्ते खराब होतात. त्यामुळे हा लेख वॉशरबद्दल कमी आणि त्याच्या आधी-नंतरच्या गोष्टींबद्दल जास्त आहे.

नाणी कुठून आणायची

विद्यार्थी राहतात त्या जुन्या अपार्टमेंट इमारतींत तळघरात किंवा मजल्याच्या टोकाला एक लाँड्री रूम असते. काही ठिकाणी आता कार्ड किंवा अ‍ॅप चालतं. तुमच्या इमारतीत ते असेल तर हा भाग सोडून द्या. नाण्यांचं मशीन असेल तर त्याला बहुतेक वेळा एकच नाणं चालतं, ते म्हणजे क्वार्टर, पंचवीस सेंटचं. दहा सेंटची डाइम आणि पाच सेंटचं निकल त्याला चालत नाही आणि डॉलरची नोट घालायला जागाच नसते.

गंमत अशी, की रोजच्या व्यवहारात क्वार्टर हातात फारसे येतच नाहीत. सगळे कार्डाने पैसे देतात आणि एटीएममधून वीस-वीसच्या नोटा निघतात. म्हणून नाणी मुद्दाम आणावी लागतात. त्यासाठी सगळ्यात सोपी जागा बँक. खातं उघडलं की काउंटरवर जाऊन दहा डॉलरची नोट द्यायची आणि क्वार्टरचा एक रोल मागायचा. कागदात गुंडाळलेली चाळीस नाणी मिळतात, वजन साधारण पाव किलो. दोन रोल आणून ठेवले की दोन-तीन महिन्यांची काळजी मिटते.

पण पहिल्या आठवड्यात खातं उघडलेलं नसतं आणि कपडे तर साठलेले असतात. अशा वेळी मोठ्या सुपरमार्केटात कस्टमर सर्व्हिसचं वेगळं काउंटर असतं तिथे जा, पाच किंवा दहा डॉलरची नोट द्या आणि क्वार्टर मागा. बहुतेक वेळा देतात. रस्त्यावरच्या सार्वजनिक लाँड्रोमॅटमध्ये नोट घालून क्वार्टर काढायचं मशीन भिंतीला लावलेलं असतं, पण ते तिथल्या गिऱ्हाइकांसाठी असतं. नुसती नाणी घेऊन निघालात तर मालक हटकू शकतो.

सुट्ट्या पैशांत कधीकधी कॅनडाचं क्वार्टर येतं. रंग तोच, आकार जवळपास तोच, पण एका बाजूला राणीचा किंवा राजाचा चेहरा असतो. बहुतेक अमेरिकन क्वार्टरवर जॉर्ज वॉशिंग्टन असतो. कॅनडाचं नाणं वजनाला हलकं असल्यामुळे मशीन ते खाली टाकून देतं, नाहीतर ते मध्येच अडकतं. रोल फोडल्यावर एकदा नजर टाकून अशी नाणी बाजूला काढा.

खाली जायच्या आधी, खोलीत

एक उदाहरण धरून चालू. समजा दोन आठवड्यांचे कपडे साठलेत: दोन जीन्स, सहा टी-शर्ट, आतले कपडे, मोजे, एक टॉवेल, एक बेडशीट, दोन सुती कुर्ते. कुर्त्यांपैकी एक गोखले रोडवरून जायच्या आठवड्यात घेतलेला, गडद मरून, अजून एकदाही न धुतलेला. इमारतीत वॉशरला पावणेदोन डॉलर, म्हणजे सात क्वार्टर लागतात आणि ड्रायरला दीड डॉलर, म्हणजे सहा. एक खेप म्हणजे तेरा क्वार्टर. दर जागेप्रमाणे बदलतो, पण हिशोब असाच करायचा.

आई घरी पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, जीन्स वेगळ्या असे ढीग करते. इथे प्रत्येक ढिगाला तेरा नाणी पडतात, त्यामुळे विद्यार्थी सगळं एकत्र कोंबतात. थंड पाण्यात धुतलं तर त्यातलं बरंचसं खपूनही जातं. न खपणारी गोष्ट एकच, ती म्हणजे नवा गडद सुती कपडा. त्याचा रंग जाणार का हे बघायला दोन मिनिटं पुरतात. कुर्त्याची आतली शिवण ओली करा, त्यावर पांढरा टिश्यू पेपर दाबून धरा. टिश्यू गुलाबी झाला तर तो कुर्ता मशीनमध्ये जाणार नाही. तो हाताने धुवायचा, पुढच्या दोन-तीन धुण्यांपर्यंत.

इथे एक अडचण येते जी ठाण्यात बसून सुचत नाही: तिकडच्या बाथरूममध्ये बादली नसते. मगही नसतो. स्वस्त वस्तूंच्या दुकानातून प्लास्टिकचा एखादा टब आणा. तो कुर्त्यालाही लागतो आणि पुढे सिल्क, लोकर, भरतकाम अशा सगळ्यालाच. सांस्कृतिक कार्यक्रमासाठी नेलेली साडी किंवा जरीचा दुपट्टा तर मशीनच्या जवळपासही नेऊ नका.

आता डाग. आपल्या मुलांच्या कपड्यांवर दोनच डाग असतात, तेलाचा आणि हळदीचा. तेलाच्या डागावर भांडी घासायचा लिक्विड साबण थेंबभर चोळून पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मग मशीनमध्ये टाका. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो. त्याने घाबरू नका, साबणातल्या अल्कलीने हळदीचा रंग तसा बदलतो. ती खरी उडते ती उन्हाने. ठाण्यात आई तो कपडा गॅलरीत टाकते आणि संध्याकाळपर्यंत डाग फिका होतो, तो मशीनमुळे नव्हे. तिकडे धुतलेला ओला कपडा खिडकीच्या काचेशी, ऊन येतं तिथे, दिवसभर लटकवून ठेवा. कोणताही डाग पूर्ण गेल्याशिवाय कपडा ड्रायरमध्ये टाकायचा नाही, कारण गरम हवेने तो धाग्यात पक्का बसतो.

खिसे तपासा. आपल्याकडे खिशात सुटे पैसे निघतात, तिकडे टिश्यू निघतो. एक विसरलेला टिश्यू काळ्या जीन्सवर इतके पांढरे कण सोडतो, की ते हाताने वेचायला अर्धा तास जातो.

साबण: वाटतो त्यापेक्षा कमी

बॅगेत कपड्यांचा साबण नेऊ नका. बाल्टीत भिजवायची आपली पावडर फेस भरपूर व्हावा अशी केलेली असते, आणि तिकडच्या कमी पाण्यात चालणाऱ्या मशीनला नेमका फेसच नको असतो. तिकडे गेल्यावर लिक्विड डिटर्जंटची बाटली घ्या. बाटलीवर इंग्रजीत 'एच ई' अशी दोन अक्षरं आहेत का बघा, म्हणजे कमी फेसाचा. तो सगळ्या मशीनना चालतो. पावडर न घेण्याचं आणखी एक कारण हिवाळ्यात कळतं. उत्तरेकडच्या शहरांत जानेवारीत नळाचं थंड पाणी बर्फासारखं असतं, त्यात पावडर नीट विरघळत नाही आणि काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे राहतात.

किती घालायचा? बाटलीच्या झाकणात आत रेघा असतात. बहुतेक जण झाकण भरून ओततात. आपल्या उदाहरणातल्या ढिगाला सगळ्यात खालच्या रेघेइतका, म्हणजे दोन मोठे चमचे, पुरे. जास्त साबणाने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, उलट तो धुऊन निघत नाही. ओळखायचं कसं? धुणं संपल्यावर समोरच्या काचेवर फेस दिसतो, कपडा बोटांना बुळबुळीत लागतो, वाळल्यावर टॉवेल पत्र्यासारखा कडक होतो आणि पाठीला खाज सुटते. मग पुढच्या खेपेला साबण अर्धा करा.

साबणाच्या छोट्या गोळ्याही मिळतात, पातळ आवरणात भरलेल्या. वापरायला सोप्या आहेत, पण त्या रिकाम्या ड्रममध्ये सगळ्यात आधी टाकायच्या, कपडे त्यांच्यावर. साबणाच्या कप्प्यात ठेवली तर गोळी अर्धवट विरघळते. ओल्या हाताने डब्यात हात घालू नका, गोळ्या एकमेकींना चिकटतात.

खाली, मशीनसमोर

आत गेल्यावर आधी भिंतीवरचा कागद वाचा. लाँड्री रूमच्या वेळा त्यावर असतात. बऱ्याच इमारतींत रात्री दहानंतर मशीन लावायला मनाई असते, कारण वरच्या खोल्यांत धडधड ऐकू जाते. रविवारी संध्याकाळी गर्दी असते, सगळ्यांना सोमवारच्या आधी कपडे हवे असतात. मंगळवारी सकाळी लेक्चर नसेल तर मशीन एकट्याचं.

मशीन दोन प्रकारची दिसतील. समोरून दार असलेलं घरच्यासारखं. दुसरं वरून झाकण असलेलं, आत मध्यभागी एक जाड दांडा, तो मागेपुढे फिरून कपडे घुसळतो. आपल्याकडे बहुतेक टॉप-लोड मशीनमध्ये तळाशी चकती असते, असा दांडा नसतो. त्या दांड्याभोवती बेडशीट गुंडाळायची नाही, सैल करून कडेने ठेवायची. नाहीतर ती दांड्याला पीळ घालून बसते आणि बाकीचे कपडे हलतच नाहीत. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये ड्रम पाऊण भरा. वर हात आडवा घालता आला पाहिजे.

भरायच्या आधी रिकाम्या ड्रममध्ये हात फिरवून बघा. आधीच्या कुणाचं पेन, च्युइंगगम किंवा ब्लीचचे थेंब आत राहिलेले असतात. ब्लीचचा तिखट वास आला तर मरून-निळे कपडे त्या मशीनमध्ये टाकू नका, शेजारचं बघा.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण जुनी मशीन पैसे पडल्याक्षणी सुरू होतात. आधी कपडे, मग साबण, मग झाकण, मग कोणत्या पाण्यात धुवायचं ते बटण, आणि सगळ्यात शेवटी नाणी.

पाण्याची निवड सोपी आहे. 'हॉट', 'वॉर्म', 'कोल्ड' असे पर्याय असतात, कधी 'पर्मनंट प्रेस' आणि 'डेलिकेट'. आपल्या ढिगाला 'कोल्ड'. टॉवेल, बेडशीट, मोजे एवढेच असतील तर 'वॉर्म' किंवा 'हॉट'. आपल्या घरच्या काही मशीनमध्ये हीटर असतो आणि ते हळूहळू पाणी तापवतं. तिकडची मशीन इमारतीच्या नळाचंच गरम पाणी थेट घेतात, म्हणून सुती कुर्त्याला पहिल्या मिनिटापासून गरम पाणी बसतं. 'पर्मनंट प्रेस' म्हणजे सुरकुत्या कमी पडाव्यात म्हणून शेवटचं पिळणं हळू. पॉलिस्टरच्या शर्टांना तो बरा.

आता नाणी. काही मशीनवर दानपेटीसारखी फट असते, एकेक क्वार्टर टाकायचं. छोट्या पडद्यावर आकडा १.७५ वरून १.५०, मग १.२५ असा उतरत जातो. आकडा उतरला नाही तर नाणं खालच्या कप्प्यात परत पडलंय का बघा, ते पुसून पुन्हा टाका. पडद्यावर शून्य झालं की स्टार्ट दाबा.

दुसऱ्या प्रकारात एक लोखंडी सरकती पट्टी असते आणि इथेच नवी मुलं अडकतात. पट्टीत नाण्यांसाठी खाचा असतात. भाव सात क्वार्टर असेल तर सात खाचा मोकळ्या आणि बाकीच्या बुजवलेल्या. सातही खाचांत नाणी नीट बसवा, एकही तिरपं नको. मग पट्टी दोन्ही अंगठ्यांनी एका दमात आत ढकला, आतून 'खट्' असा आवाज येईपर्यंत. आणि मग ती तितकीच पूर्ण बाहेर ओढा. नाणी गेली, खाचा रिकाम्या दिसल्या, की मशीनवरचा दिवा लागतो. घाबरत अर्धी ढकलली तर नाणी आत जातही नाहीत आणि बाहेर येतही नाहीत. सहाच नाणी असतील तर पट्टी हलत नाही. जोर लावून काही होणार नाही, सातवं नाणं शोधा.

"मशीन सुरूच होत नाहीये" या मेसेजचं कारण जवळपास प्रत्येक वेळी या तीनपैकी एक असतं: पट्टी पूर्ण ढकललेली नाही, झाकण नीट लागलेलं नाही, किंवा पैसे भरून स्टार्ट दाबलेलंच नाही. गेल्या वर्षी खारघरच्या एका मुलीने मला फोटो पाठवला होता, पट्टी अर्धी बाहेर. "अगं, पूर्ण आत ढकल, दोन्ही हातांनी," एवढंच मी तिला सांगितलं. पाचव्या मिनिटाला तिचा उलट मेसेज आला, "काकू, झालं."

मशीन सुरू झालं की पडद्यावर मिनिटं दिसतात, साधारण तीस-पस्तीस. मोबाईलवर त्याहून दोन मिनिटं कमी अलार्म लावा आणि वर जा. वेळेवर खाली येणं ही तिथली खरी शिस्त आहे. तुमचं धुणं संपून दहा मिनिटं झाली तरी तुम्ही आला नाहीत तर दुसरा माणूस तुमचे कपडे काढून मशीनवर ठेवणार, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हाच नियम तुम्हालाही लागू. दुसऱ्याचे कपडे अडले असतील तर दहा मिनिटं थांबा, मग स्वच्छ हातांनी काढून टेबलावर किंवा मशीनवर ठेवा. जमिनीवर नाही.

ड्रायर: कुर्ते इथेच जातात

ड्रायर भरण्याआधी कपडे हातात घेऊन बघा. ते ओले असावेत, पाणी गळणारे नसावेत. पाणी गळत असेल तर पिळणं झालेलंच नाही. असं बहुधा बेडशीट किंवा टॉवेलचा गोळा एका बाजूला जमल्यामुळे होतं, ड्रम डगमगतो, धाडधाड आवाज येतो आणि मशीन वेग घेत नाही. असा आवाज चालू असतानाच ऐकलात तर झाकण उघडून गोळा सोडवा, पुन्हा बंद करा. धुणं संपल्यावर कळलं तर हाताने पिळून मगच ड्रायरमध्ये टाका, नाहीतर ड्रायरची सहाऐवजी बारा नाणी जातील.

आता वाटणी. आपल्या उदाहरणातला न धुतलेला कुर्ता टबात आहे. दुसरा सुती कुर्ता आणि इलॅस्टिकचे आतले कपडे ड्रायरमध्ये न घालणं उत्तम. सुती कापड कारखान्यात ताणलेलं असतं, गरम हवेत आणि आपटण्यात ते सैल होऊन आखडतं. आपल्याकडे शिवलेले कुर्ते बऱ्याचदा आधी धुऊन आटवलेल्या कापडाचे नसतात. पहिल्याच खेपेला बाही दोन बोटं वर येते आणि ती परत खाली येत नाही. इलॅस्टिक तर दर खेपेला थोडं थोडं मरतं. हे कपडे घडीच्या स्टँडवर खोलीत टाका. बाहेर बाल्कनीत टाकायला बऱ्याच इमारतींच्या करारात बंदी असते, पण आत स्टँड ठेवायला कुणाची हरकत नसते. हिवाळ्यात हीटरमुळे खोलीतली हवा इतकी कोरडी असते, की सकाळपर्यंत कुर्ता वाळतो. ठाण्यातल्या जुलैत पंख्याखाली दोन दिवस ठेवूनही कुबट वास येणारे कपडे ज्यांनी बघितलेत, त्यांना याचं फार कौतुक वाटतं.

कपड्याच्या आतल्या पट्टीवर खुणा असतात. चौकोनात गोल म्हणजे ड्रायर चालेल, गोलात एक ठिपका म्हणजे मंद उष्णता, दोन म्हणजे मध्यम. त्यावर फुली असेल तर ड्रायर बंद. ब्रँडेड कपड्यांवर या खुणा मिळतात, शिवून घेतलेल्यांवर काहीच नसतं. त्यांना फुली आहे असं समजा.

ड्रायरमध्ये जायचे ते टी-शर्ट, जीन्स, मोजे, टॉवेल, बेडशीट. ते घालण्याआधी जाळी काढा. ही जाळी दाराच्या कडेला किंवा वरच्या बाजूला असते, खेचली की बाहेर येते. तिच्यावर आधीच्या माणसाच्या कपड्यांचं मऊ राखाडी लव चिकटलेलं असतं. बोटांनी एका टोकाकडून गोळा केलं की ते अख्ख्या पापुद्र्यासारखं सुटतं. कचऱ्यात टाका आणि जाळी परत बसवा. हे न करता ड्रायर लावला तर गरम हवा बाहेर निघत नाही, कपडे तासाभराने तसेच दमट राहतात. शिवाय हे लव सहज पेट घेतं. अमेरिकेतल्या घरांत ड्रायरमुळे ज्या आगी लागतात त्यांचं सगळ्यात मोठं कारण स्वच्छता न ठेवणं हेच आहे. म्हणून आपली खेप झाल्यावरही एकदा जाळी साफ करून परत बसवा.

बऱ्याच ठिकाणी ड्रायर एकावर एक दोन असतात आणि दोघांच्या नाण्यांच्या फटी मधल्या पट्टीवर शेजारीशेजारी. कोणती फट वरच्याची आणि कोणती खालच्याची हे बाणाने दाखवलेलं असतं. नाणी टाकण्याआधी तो बाण बघा. चुकलात तर तुमच्या सहा क्वार्टरवर रिकामा ड्रायर पाऊण तास फिरत राहतो, आणि ते पैसे परत येत नाहीत.

उष्णता 'लो' किंवा 'मीडियम' ठेवा. 'हाय' फक्त टॉवेल-बेडशीटच्या खेपेला. काही ड्रायर एकदम पंचेचाळीस किंवा साठ मिनिटांचे पैसे घेतात, काही दर क्वार्टरला थोडी थोडी मिनिटं देतात. दुसऱ्या प्रकारात आधी सगळी नाणी ओतू नका, अर्ध्या वेळाची टाका, मग बघा. साधारण पंचवीस मिनिटांनी खाली येऊन टी-शर्ट आणि मोजे काढून घ्या, ते लवकर वाळतात. जीन्स आणि टॉवेल आत राहू द्या. जाता-येता दार उघडल्यावर पुन्हा स्टार्ट दाबावं लागतं, नुसतं दार लावून ड्रायर फिरत नाही. काही मशीनमध्ये दार उघडं असतानाही वेळ सरत राहतो, म्हणून कपडे काढणं भराभर करा.

जीन्सची कंबर आणि खिशाची शिवण हाताला कोरडी लागली की झालं. त्यापुढे वाळवलं तर कपड्यांचा फक्त विजेचा झटका बसायला लागतो, विशेषतः हिवाळ्यात, विशेषतः पॉलिस्टरचा. त्यासाठी सुगंधी कागद विकतात, कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये टाकायचे. घ्यायचे तर घ्या, पण टॉवेलच्या खेपेत नको, त्याने टॉवेल पाणी शोषत नाही.

गरम असतानाच टेबलावर घडी घाला. तिथे कोपऱ्यावर इस्त्रीवाला नाही आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांत इस्त्री क्वचितच असते. ड्रायरमध्ये गार होऊन पडलेल्या शर्टाच्या सुरकुत्या मग पुढच्या धुण्यापर्यंत तशाच. वॉशरच्या दाराच्या रबरी कडेत बोट फिरवून निघा, हरवलेला एक मोजा तिथेच असतो.

मशीनने पैसे खाल्ले तर

हे होतं. नाणं अडकतं, पट्टी मागे येत नाही, किंवा पैसे घेऊन मशीन गप्प बसतं. मशीनवर लाथ-बुक्की घालू नका, खोलीत कॅमेरा असतो. चाकू-सुरी तर मुळीच नाही. आधी नाणी परत द्यायचं बटण असेल तर ते दाबा. मग मशीनचा नंबर बघा. प्रत्येक मशीनवर एक स्टिकर असतो, त्यावर मशीनचा क्रमांक आणि कंपनीचा फोन नंबर. त्याचा फोटो काढा, फोन करा, किती पैसे गेले आणि किती वाजता ते सांगा. मशीन इमारतीच्या मालकाचं नसतं, बहुतेक वेळा भाड्याने देणाऱ्या कंपनीचं असतं, त्यामुळे मालकाकडे जाऊन उपयोग नाही. एक-दोन डॉलरसाठीसुद्धा कंपन्या पैसे परत देतात, कधी टपालाने चेक पाठवून. त्याच मशीनमध्ये पुन्हा नाणी टाकून बघू नका. 'आउट ऑफ ऑर्डर' असा कागद लिहून त्यावर चिकटवा, शेजारच्या मशीनकडे वळा. त्यासाठी खाली जाताना तेराऐवजी वीस क्वार्टर खिशात ठेवा.